चार ओटीटी, महिन्याला तीन-चार गोष्टी : ठेवायचं कोणतं?

ताईच्या घरी चार ओटीटी चालू होते आणि महिन्याला बघून पूर्ण व्हायच्या तीन, फार तर चार गोष्टी. एखादी मालिका, एक-दोन सिनेमे, भाचीचं काहीतरी. भावजींचं म्हणणं होतं की एकच ठेवावं, बाकी बंद. कोणतं ठेवायचं यावर मात्र घरात तीन माणसांची तीन मतं होती, म्हणून हिशेब माझ्याकडे आला.

दर देशागणिक आणि प्लॅनगणिक वेगळे असतात, वर्षभरात बदलतातही. त्यामुळे इथे पैशांऐवजी 'भाग' वापरतो. चौघांतल्या सर्वांत स्वस्त सेवेचा महिन्याचा दर म्हणजे १ भाग. बाकी सगळं त्याच्या प्रमाणात. सेवांची नावंही लिहीत नाही, कारण निर्णय नावावर ठरत नाही.

पहिली सेवा सर्वांत महाग, महिन्याला ५ भाग. चार स्क्रीन आणि फोर-के असलेला वरचा प्लॅन. दुसरीचे वर्षाचे २० भाग एकदम भरलेले होते, अजून पाच महिने शिल्लक. तीच सेवा महिन्या-महिन्याने घेतली तर २.५ भाग पडते. तिसरी भाचीसाठी घेतलेली, जाहिरातींसह, १ भाग. चौथी 'फुकट', म्हणजे फोनच्या प्लॅनबरोबर आलेली. पण तोच फोन प्लॅन ओटीटीशिवाय घेतला तर महिन्याला १.५ भाग कमी लागतात, म्हणजे तिची किंमत १.५ भाग. सगळं मिळून वर्षाला ११० भाग, त्यातले ६० एकट्या पहिलीचे.

भावजी म्हणाले, "मग पहिलंच ठेवू. महाग आहे खरं, पण घरात सगळ्यात जास्त चालतं तेच."

हे खरं आहे का ते आधी बघितलं. आठवणीवर विसंबून चालत नाही, कारण माणसाला शेवटचं बघितलेलं आणि खूप आवडलेलं तेवढंच आठवतं. कोणत्या सेवेवर काय किती वेळ चाललं याची नोंद सेवेकडेच असते. नेटफ्लिक्सचं उदाहरण घेऊ. तिथे प्रत्येक प्रोफाइलच्या `Viewing activity` पानावरून जी यादी उतरवता येते तिच्यात फक्त नाव आणि तारीख असते. एखादी गोष्ट दोन मिनिटं बघून सोडली की पूर्ण बघितली, हे तिच्यावरून कळत नाही. त्यासाठी खात्यातून आपली सगळी माहिती मागवायची. ती लगेच येत नाही, तयार झाली की उतरवून घ्यायची. त्यात `ViewingActivity.csv` नावाची फाइल असते आणि तिच्यात `Duration` म्हणजे प्रत्यक्ष किती वेळ चाललं ते असतं, `Device Type` म्हणजे कशावर ते असतं, आणि `Supplemental Video Type` नावाचा एक रकाना असतो. या शेवटच्या रकान्यात काही लिहिलेलं असेल तर ती ओळ ट्रेलरची किंवा मुखपृष्ठावर आपोआप सुरू होणाऱ्या तुकड्याची. आपण निवडून काही लावलेलं नसतं.

फाइल स्प्रेडशीटमध्ये उघडली, फक्त शेवटच्या तीन महिन्यांच्या ओळी ठेवल्या आणि हे सूत्र लावलं. यात C म्हणजे वेळ आणि F म्हणजे तो ट्रेलरवाला रकाना:

```
=SUMIFS(C:C, F:F, "", C:C, ">="&TIME(0,10,0))
```

ट्रेलर वगळायचे आणि दहा मिनिटांपेक्षा कमी चाललेलंही वगळायचं, एवढाच त्याचा अर्थ. दहा मिनिटांची रेघ मी माझ्या अंदाजाने मारली आहे. कोणी एक एपिसोड तीन तुकड्यांत बघत असेल तर त्याची थोडी बेरीज बुडते, पण एकूण चित्र बदलत नाही. उत्तर तासांत दिसण्यासाठी त्या चौकटीचं स्वरूप `[h]:mm` करायचं, नाहीतर २४ तासांच्या पुढचं सगळं गिळलं जातं आणि आकडा विचित्र लहान दिसतो.

ताईच्या पहिल्या सेवेचे तीन महिन्यांत ५९ तास निघाले. बाकी तिन्ही मिळून याच्या निम्म्याएवढेच. म्हणजे भावजींचं खरं होतं. मग मी त्याच ओळी मालिकेच्या नावाप्रमाणे लावल्या आणि चित्र पालटलं. ५९ पैकी साडेचव्वेचाळीस तास एकाच जुन्या विनोदी मालिकेचे. तीच मालिका, तेच सीझन, रात्री साडेदहानंतर एकामागून एक तीन-चार एपिसोड, आणि कित्येक ओळींत `Attributes`मध्ये `Autoplayed` लिहिलेलं. भावजी झोपताना ती लावतात. पहिल्या एपिसोडच्या मध्यावर त्यांना झोप लागते आणि उरलेले एपिसोड रिकाम्या खोलीला दाखवले जातात.

मी ताईला विचारलं, "हे बघणं धरायचं का?"

ती म्हणाली, "त्यांना विचार. मला तर तो आवाज बंद झाला की जाग येते."

हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. सवयीच्या आवाजालाही किंमत असते. फक्त ती वेगळ्या तराजूत मोजायला हवी. नवीन काही बघण्यासाठी आपण जे पैसे देतो आणि पार्श्वभूमीला काहीतरी चालू राहावं म्हणून जे देतो, ते एकत्र मिसळले की सर्वांत महाग सेवा सर्वांत उपयोगाची वाटू लागते. सेवांनाही हेच सोयीचं असतं. म्हणून ती मालिका बाजूला ठेवली आणि पहिल्या सेवेकडे निवडून बघितलेलं असं काय उरलं ते मोजलं. साडेचौदा तास. दोन मालिका आणि एक सिनेमा.

बाकी सेवांची इतकी सविस्तर फाइल मिळाली नाही. त्यांच्या ॲपमधली बघितलेल्यांची यादी घेतली, एपिसोडच्या लांबीने गुणलं, अर्धवट सोडलेलं काढून टाकलं. दुसरीवर दोन मालिका आणि दोन सिनेमे, १६ तास. तिसरीवर भाचीची एक मालिका, साडेसहा तास. चौथीवर तीन सिनेमे, सहा तास. एकूण तीन महिन्यांत ११ गोष्टी आणि ४३ तास. म्हणजे हे घर निवडून जे बघतं ते महिन्याला साधारण १४ तास. पुढच्या सगळ्या हिशेबाचा हा पाया आहे, कारण घराची बघण्याची ताकद एवढीच आहे. चार सेवांवर हजारो गोष्टी असल्या तरी त्यांतल्या १४ तासांएवढ्याच घरात शिरतात.

आता सरळ भागाकार केला तर पहिलीवर एक गोष्ट ५ भागांना पडली, तिसरीवर ३, चौथीवर १.५ आणि दुसरीवर सव्वा. इथेच थांबलो असतो तर निकाल लागलाच होता. दुसरी आणि चौथी ठेवा, पहिली काढा. बहुतेक लोक इथेच थांबतात.

पण या भागाकारात एक गृहीतक दडलेलं आहे, की सेवा नसती तर ती गोष्ट बघताच आली नसती. ते प्रत्येक नावापुढे तपासावं लागतं. एखादी गोष्ट आणखी कुठे आहे हे जस्टवॉचसारख्या साइटवर नाव टाकलं की दिसतं. देश बरोबर निवडायचा तेवढा, कारण हक्क देशागणिक वेगळे असतात. पहिल्या सेवेच्या तिन्ही गोष्टी तिच्या स्वतःच्या होत्या, दुसरीकडे कुठेच नाहीत. चौथीवरच्या तीन सिनेमांपैकी दोन मात्र दुसरीवरही होते, म्हणजे ताईने ज्याचे पैसे आधीच भरले होते तिथेच. तिसरा सिनेमा १.२ भागांत भाड्याने मिळत होता. म्हणजे चौथ्या सेवेने तीन महिन्यांत साडेचार भाग घेऊन १.२ भागांचं काम केलं. चौघांत सर्वांत दुबळी तीच निघाली, आणि तिला बंद करायचा विचारही कोणाच्या मनात आला नव्हता, कारण ती फुकट होती.

पहिलीचं उलट झालं. तिच्या गोष्टींना पर्याय नाही, म्हणून ती पूर्ण सोडता येत नाही. पण वर्षभर लागते का?

साडेचौदा तास म्हणजे या घराचं सुमारे एक महिन्याचं बघणं. ते तीन महिन्यांवर पसरलं होतं कारण मध्ये दुसऱ्या सेवांवरचं काही ना काही चालू होतं. तेच सलग बघितलं तर एका महिन्याच्या वर्गणीत जेमतेम बसतं. म्हणजे तीन महिन्यांत एक महिना, वर्षात चार महिने. उरलेले आठ महिने आवडीच्या गोष्टी यादीत साठू द्यायच्या. 'कोणतं ठेवायचं' हा प्रश्न इथे मोडतो. महिन्या-महिन्याने घेता येणारी सेवा ठेवायची किंवा काढायची नसते, ती कोणत्या महिन्यात घ्यायची एवढंच ठरवायचं असतं.

महिना निवडताना एपिसोड कसे येतात ते बघावं लागतं. सगळा सीझन एका दिवशी आला तर सोपं. आठवड्याला एक असे आठ एपिसोड आले तर पहिल्या आणि शेवटच्या एपिसोडमध्ये ४९ दिवस जातात, म्हणजे येईल तसं बघायचं ठरवलं तर दोन महिन्यांची वर्गणी गेली. शेवटचा एपिसोड येईपर्यंत थांबलं तर एका महिन्यात भागतं. सर्वांत जास्त फसगत होते ती दोन तुकड्यांत येणाऱ्या सीझनची. स्ट्रेंजर थिंग्जचा चौथा सीझन नेटफ्लिक्सने २०२२मध्ये २७ मे आणि १ जुलै अशा दोन हप्त्यांत आणला. २७ मेला महिनाभरासाठी घेतलेलं सबस्क्रिप्शन दुसऱ्या हप्त्याच्या आधीच संपतं. १ जुलैला घेणाऱ्याला मात्र दोन्ही हप्ते एकाच महिन्यात मिळतात. त्यामुळे यादीत नावापुढे सीझन कधी सुरू होतो ते लिहू नये, शेवटचा एपिसोड कधी येतो ते लिहावं.

थांबणं सगळ्यांना जमत नाही, जमायलाही नको. भाचीची मालिका आठवड्याला एक अशी येते आणि दुसऱ्या दिवशी मैत्रिणींत तिचीच चर्चा असते. तिला दोन महिने थांब म्हणणं म्हणजे ती मालिकाच काढून घेणं. म्हणून तिसरी सेवा तिचा सीझन चालू असेल तेवढे महिने, वर्षातून साधारण तीन, आणि मग बंद. १ भागासाठी एवढी कटकट कशाला, असं ताई म्हणाली. माझंही थोडं तसंच मत आहे. पण ती वर्षभर राहिली तर १२ भाग होतात, आणि लहान रकमा नजरेतून सुटतात म्हणूनच त्या वर्षानुवर्षं चालू राहतात.

पहिल्या सेवेचा प्लॅनही तपासला. घरचा टीव्ही फुल एचडी आहे, त्यावर फोर-केचा उपयोग शून्य. स्क्रीनचा हिशेब त्याच फाइलमधून निघाला. ओळी `Start Time`प्रमाणे लावायच्या, सुरुवातीत चाललेला वेळ मिळवायचा आणि तोवर वेगळ्या उपकरणावर दुसरी ओळ सुरू झाली आहे का ते बघायचं. फाइलमधली वेळ आपल्या घड्याळाची नसते, यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेची असते, पण सगळ्या ओळी एकाच मापाच्या असल्याने या तुलनेला फरक पडत नाही. एका वेळी दोन स्क्रीन अधूनमधून सापडल्या, तीन कधीच नाहीत. मधला प्लॅन ३.५ भागांचा होता आणि त्यात दोन स्क्रीन होत्या. चार महिने घेतला तर वर्षाचे १४ भाग, जिथे आधी ६० जात होते.

उरली दुसरी. तिचे २० भाग भरून झालेले होते, ते आता काही केलं तरी परत येत नव्हते, म्हणून उरलेल्या पाच महिन्यांसाठी ती फुकटच समजायची. आधी तिच्यावरचं बघून घ्यायचं, बाकीचं त्यानंतर. खरा निर्णय रिन्यूच्या वेळचा. २० भागांत २.५ चे आठ महिने बसतात. वर्षात आठपेक्षा कमी महिने लागणार असतील तर महिन्याने घेणं स्वस्त, जास्त लागणार असतील तर वार्षिक. ताईच्या यादीवरून मला सहा महिने दिसत होते, म्हणजे १५ भाग.

ताई म्हणाली, "पाच भागांसाठी मी दर महिन्याला चालू-बंद करत बसणार नाही. एक तरी कायम असू दे."

मला हे पटलं. आलटून-पालटून घेण्याला घरातल्या एका माणसाचं लक्ष लागतं आणि ते लक्ष फुकट नसतं. एक सेवा कायम ठेवायची असेल तर ती अशी असावी जिच्यावरचं बघणं महिन्या-महिन्यांत सारखं पसरलेलं आहे. दुसरीचं तसं होतं. तीन महिन्यांतल्या प्रत्येक महिन्यात तिच्यावरचं काहीतरी पूर्ण झालेलं होतं. पहिलीवरचं मात्र सलग बघितलं तर एका महिन्यात आटोपण्याएवढंच होतं, बाकी नुसता झोपेचा आवाज.

म्हणजे नवीन वर्षाचा अंदाज असा : दुसरी २०, पहिली १४, तिसरी ३, आणि चौथीऐवजी वर्षात चार सिनेमे भाड्याने घेतले तर साधारण ५. बेरीज ४२. आधीचे ११०.

कागदावर हे झालं. बंद करताना मात्र दोन ठिकाणी अडलं. तिसऱ्या सेवेच्या साइटवर रद्द करायचं बटणच नव्हतं, कारण वर्गणी फोनच्या ॲप स्टोअरमधून भरली जात होती. अशी वर्गणी तिथेच जाऊन थांबवावी लागते. आयफोनवर सेटिंग्जमध्ये आपल्या नावाखाली सबस्क्रिप्शन्स, अँड्रॉइडवर प्ले स्टोअरमध्ये पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स. ॲप फोनवरून काढून टाकलं तरी पैसे कापले जातच राहतात. चौथीसाठी फोनचा प्लॅन बदलावा लागला आणि तो चालू मुदत संपल्यावरच बदलता आला.

पहिली सेवा आता ज्या दिवशी चालू करतो त्याच दिवशी आम्ही रद्दही करतो. पैसे भरलेला महिना बहुतेक सेवांवर शेवटपर्यंत चालतो, आणि विसरायचा धोका राहत नाही. मोफत चाचणीला हा नियम लावू नये. ॲपलच्या स्वतःच्या सेवांवर चाचणीच्या काळात रद्द केलं तर बघणं लगेच बंद होऊ शकतं. बंद करण्याआधी 'नंतर बघू'च्या यादीचा स्क्रीनशॉट काढून ठेवायचा. नेटफ्लिक्सवर काही महिन्यांच्या आत परत आलं तर प्रोफाइल आणि इतिहास जागेवर मिळतो, पण सगळ्या सेवांवर अशी मुदत गृहीत धरता येत नाही. जुन्या ग्राहकाला जुना दर मिळत असेल तर तोही रद्द करताना जाऊ शकतो. ताईच्या बाबतीत तसं नव्हतं, ते आधी पाहून घेतलं.

एक घोटाळा झालाच. दुसऱ्या वेळी पहिली सेवा भावजींनी परस्पर चालू केली. नवीन सीझनची जाहिरात दिसली, आणि परत येताना समोर जुनाच वरचा प्लॅन निवडलेला होता, तो तसाच स्वीकारला. बँकेच्या मेसेजमध्ये ३.५ ऐवजी ५ भाग गेलेले दिसले तेव्हा कळलं. शिवाय त्या सीझनचा दुसरा हप्ता पुढच्या महिन्यात होता. आता चालू करण्याचं काम एकट्या ताईकडे आहे.

झोपेच्या मालिकेचं काय झालं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटत होतं, कारण योजना फसायची तर तिथेच फसली असती. भावजींना मी म्हटलं होतं, "तुम्ही एवढंच करा, तिची आठवण येईल त्या रात्री कॅलेंडरवर खूण करा." पहिल्या आठवड्यात चार खुणा झाल्या, त्यानंतरच्या तीन आठवड्यांत मिळून दोन. ते आता दुसऱ्या सेवेवरची एक जुनी मालिका लावतात आणि तिच्याबद्दल तक्रार करतात, पण झोपतात. महिनाभर रोज खूण झाली असती तर मी त्यांच्यासाठी पहिली सेवा तिच्या सर्वांत स्वस्त, एका स्क्रीनच्या प्लॅनवर चालू ठेवायला सांगितलं असतं आणि तो खर्च मनोरंजनाच्या हिशेबात धरला नसता.

दुसरीचं ऑटो-रिन्यू बंद करून ठेवलं आहे. मुदत संपायच्या आधीच्या तीन महिन्यांची यादी पुन्हा काढायची. त्यातल्या एखाद्या पूर्ण महिन्यात तिच्यावरचं काहीच पूर्ण झालेलं नसेल तर वार्षिक प्लॅन न घेता तीही महिन्याने घ्यायची, असं ताईने ठरवलं आहे.